ग्रिड बॉटच्या नोंदी: सप्टेंबर २०२२ ते जानेवारी २०२३

१४ सप्टेंबर २०२२, बुधवार

काल संध्याकाळी अमेरिकेच्या महागाईचा आकडा ८.३ टक्के आला आणि बिटकॉइन साडेबावीस हजार डॉलरवरून एका रात्रीत वीस हजारांवर घसरला. तरीही जूनच्या मध्यापासूनचा चार्ट पाहिला तर भाव १८ हजारांच्या खाली टिकलेला नाही आणि २५ हजारांच्या वरही टिकलेला नाही. असा आडवा बाजार म्हणजे ग्रिड बॉटचं, ठरावीक पायऱ्यांवर आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामचं, माहेरच. लिहून ठेवलेला कोड आजपासून चालू करतोय, पण खऱ्या पैशाने नाही. भाव खरे, म्हणजे बिनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सार्वजनिक एपीआयवरून `BTCUSDT` चे. ऑर्डरी मात्र कागदावरच्या. खरे पैसे का नाहीत ते रविवारी लिहीन.

मांडणी अशी. खालची हद्द १८,०००, वरची २२,०००, दर २०० डॉलरला एक पायरी. प्रत्येक पायरीवर ०.०१ बिटकॉइनचा एक लॉट. सुरुवातीचा भाव २०,००० धरला. वरच्या दहा पायऱ्यांवर विकायला माल हवा, म्हणून सुरुवातीलाच दहा लॉट घेतले: २,००० डॉलर. खालच्या दहा पायऱ्यांवर, १९,८०० पासून १८,००० पर्यंत, खरेदीच्या ऑर्डरी. त्यासाठी राखून ठेवलेले १,८९० डॉलर. एकूण भांडवल ३,८९०.

बॉटचं काम एवढंच: एका पायरीवर खरेदी झाली की एक पायरी वर त्याच लॉटची विक्री लावायची, विक्री झाली की एक पायरी खाली खरेदी लावायची. भाव कुठे जाईल याबद्दल त्याचं काहीही मत नाही. एक खरेदी आणि तिची विक्री मिळून एक जोडी. जोडीमागे २ डॉलर सुटतात. फी दर बाजूला ०.१ टक्का धरली आहे, म्हणजे साधारण ४० सेंट जातात. निव्वळ १.६० डॉलर.

कागदावरच्या बॉटमध्ये स्वतःला फसवणं फार सोपं असतं, म्हणून एक नियम कडक ठेवलाय. भाव पायरीला नुसता टेकला तर ऑर्डर झाली असं धरायचं नाही. पायरी ओलांडून पुढे गेला तरच धरायची. खऱ्या बाजारात आपल्या पुढे रांगेत इतरांच्या ऑर्डरी असतात. टेकलेला प्रत्येक भाव आपल्याला मिळतोच असं नाही.

१८ सप्टेंबर, रविवार

कॉलेज रोडवर सीए मित्राच्या ऑफिसात बसलो. भारतीय एक्स्चेंजवर हाच बॉट खऱ्या पैशाने चालवला तर काय होईल, हा प्रश्न. त्याने कॅल्क्युलेटरही उघडला नाही. म्हणाला, "अरे, तुझी पायरी किती टक्क्यांची? एक ना? आणि १ जुलैपासून प्रत्येक विक्रीवर टीडीएस किती? एकच. मग उरलं काय?"

खरंच आहे. २०२ डॉलरची विक्री झाली की २ डॉलर टीडीएसमध्ये गेले आणि जोडीचा निव्वळ नफा १.६०. टीडीएस बुडत नाही, वर्षअखेरीच्या करात वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. पण ग्रिडला पैसा आत्ता लागतो, पुढच्या खरेदीसाठी. शंभर जोड्या झाल्या की दोनशे डॉलर सरकारजमा आणि भांडवल तेवढ्याने आक्रसलेलं. व्यवहार रुपयांऐवजी यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात असेल तर आणखी गंमत, कारण कायद्याच्या नजरेत यूएसडीटीही आभासी मालमत्ताच. अदलाबदलीत टीडीएस दोन्ही बाजूंना लागतो.

त्याने दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची निघेल असं वाटतंय. एप्रिलपासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. ग्रिड बॉट छोटे छोटे नफे सतत वसूल करतो आणि तोटा माल म्हणून अंगावर बाळगतो. या कायद्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक मिळणार नाही.

२२ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री साडेअकराला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर पाऊण टक्क्याने वाढवला. भाव आधी १९,९०० कडे उसळला, मग सकाळपर्यंत १८,२०० च्याही खाली जाऊन आला. बॉटने सलग आठ खरेद्या केल्या, मध्ये एकही विक्री नाही. आजवरची ही सर्वात लांब साखळी. आता हातात १९ लॉट आहेत आणि खरेदीची शेवटची एकच ऑर्डर उरली आहे, १८,००० ची.

स्क्रीनवर एक विचित्र गोष्ट दिसते. जोड्यांचा नफा दाखवणारा आकडा हिरवा, कालच्यापेक्षा वाढलेला. हा आकडा कधी कमी होतच नाही. होऊच शकत नाही, कारण बॉट खरेदीपेक्षा खाली कधी विकत नाही. तोटा त्या आकड्यात शिरायला दारच नाही. हातातल्या मालाची आजच्या भावाने किंमत केली तेव्हा कळलं की १८,२०० ला माल २५२ डॉलरने खाली आहे. म्हणून आजपासून डॅशबोर्डवर दोन आकडे शेजारी शेजारी: एक जोड्यांचा, एक मालाचा. तयार मिळणाऱ्या बहुतेक बॉटमध्ये पहिला ठळक असतो आणि दुसरा शोधावा लागतो.

५ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला पिंपळगाव बसवंतला मामाकडे. मामांचा कांद्याचा व्यापार तीस-एक वर्षांचा. मोबाइलवर डॅशबोर्ड दाखवला. भाव फिरून बरोबर २०,००० वर आलेला, त्यामुळे मालाचा आकडा शून्य आणि जोड्यांचा ८८ डॉलर. बॉटची जाहिरात करायची असेल तर स्क्रीनशॉट आजच काढावा. तीन आठवड्यांत भाव होता तिथेच आणि वर सव्वादोन टक्के.

मामांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे भाव पडला की घ्यायचं, चढला की विकायचं. ठीक. आणि पडतच गेला तर?"

"खालच्या हद्दीनंतर घेणं बंद होतं, मामा."

"घेणं बंद होईल रे. चाळीत भरलेल्या मालाचं काय? तू रोज गल्ला मोजतोस. चाळ कोण मोजणार?"

मामांच्या चाळीत या वर्षी उन्हाळ कांदा भाव नाही म्हणून पडून राहिला आणि सडला, त्यामुळे बोलण्याला धार होती. घरी आल्यावर डॅशबोर्डवर मालाच्या आकड्याचं नाव बदलून 'चाळ' ठेवलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

कालचा दिवस जपून ठेवण्यासारखा. संध्याकाळी सहाला अमेरिकेचा महागाईचा आकडा आला, अपेक्षेपेक्षा जास्त. भाव १९,००० च्या आसपास होता तो काही मिनिटांत १८,२०० च्या खाली गेला. आणि रात्रीतच परत १९,४०० वर.

मी काहीच केलं नाही, करायचं ठरलेलंही नव्हतं. पण थांबा-नियम, म्हणजे स्टॉप, लावायचा झाला तर कुठे, हा प्रश्न डोक्यात आहेच, म्हणून हिशोब करून पाहिला. समजा नियम असा असता की भावाने १८,२०० तोडला की सगळा माल विकून मोकळं व्हायचं. तिथे चाळ होती उणे २५२. काही तासांनी १९,४०० ला तीच चाळ उणे ६६ वर आली. म्हणजे त्या एका खोट्या थांब्याची किंमत १८६ डॉलर. गेल्या महिन्यापासून आजपर्यंत सगळ्या जोड्यांनी मिळून तेवढे कमावलेले नाहीत.

स्टॉप लावा म्हणणारे पुष्कळ भेटतात. ग्रिडच्या बाबतीत तो सल्ला अर्धवट आहे. ग्रिड कमावतो तो भाव खाली जाऊन परत येतो म्हणूनच. स्टॉप नेमका खाली गेलेल्या जागी विकतो. दोघं एकमेकांच्या विरुद्ध पैज लावून बसलेले असतात.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

बाजार मेल्यासारखा, दिवसाला जेमतेम एखादी जोडी. फराळ झाला.

३० ऑक्टोबर, रविवार

गंगापूर रोडला सकाळी थंडी जाणवायला लागली. आज कोडला हात न लावता वहीत गणित केलं. ग्रिड नेमकं काय विकत घेतो आणि काय विकतो, ते मला सूत्रात हवं होतं.

सुरुवातीचे दहा लॉट बाजूला ठेवू. भाव एक पायरी उतरला की एक लॉट येतो, त्या क्षणी त्यावर तोटा शून्य. दुसरी पायरी उतरला की पहिला लॉट २ डॉलरने खाली, दुसरा शून्यावर. तिसऱ्या पायरीला पहिला ४ ने, दुसरा २ ने खाली. म्हणजे प्रत्येक पायरीला नवा लॉट तर येतोच, पण आधीचे सगळे आणखी २ डॉलरने बुडतात. दहा पायऱ्या उतरल्या की एकूण ९० डॉलर. हद्द आणखी खाली असती आणि वीस पायऱ्या उतरल्या असत्या तर? दुप्पट १८० नव्हे, ३८०. अंतर दुप्पट झालं तर तोटा चौपटीच्या पुढे.

जोड्यांची कमाई मात्र अशी वाढत नाही. ती वाढते फेऱ्यांच्या संख्येने, प्रत्येक फेरीला तेच १.६०. भाव शंभर वेळा खालीवर झाला तर १६० डॉलर, दोनशे वेळा झाला तर ३२०. तेव्हा ग्रिड म्हणजे एक सौदा आहे: भाव किती वेळा हलतो याचे पैसे घ्यायचे आणि तो सुरुवातीपासून किती लांब जातो याचे, वर्गाच्या हिशोबाने, द्यायचे. ऑप्शन विकणाऱ्याला हे गणित ओळखीचं वाटेल. रोज थोडा प्रीमियम आणि एखाद्या दिवशी मोठी वसुली. फरक एवढाच की ऑप्शन विकणाऱ्याला आपण काय विकलंय ते माहीत असतं आणि त्याच्याकडून मार्जिनही मागितली जाते. ग्रिडवाल्याला हिरवा आकडा दिसतो.

चाळ मोजायचं फंक्शन, भाव सुरुवातीच्या खाली असतानाचं:

```python
def chaal(price, start=20000, low=18000, step=200, lot=0.01):
    pnl = 10 * lot * (price - start)
    level = start - step
    while level >= max(price, low):
        pnl += lot * (price - level)
        level -= step
    return pnl
```

१८,००० घातले की उणे २९०. १६,००० घातले की उणे ६९०. १.६० च्या हिशोबाने ६९० भरून काढायला ४३२ जोड्या लागतील. सध्याच्या वेगाने वर्षाचा मोठा भाग.

७ नोव्हेंबर, सोमवार

आज त्रिपुरारी पौर्णिमा, गोदाघाटावर दिवे. शनिवारी भाव २१,४०० च्या वर जाऊन आला, आता २०,६०० च्या जवळ. जोड्या ११२, त्यांचे १७९ डॉलर. चाळही ५४ ने वर. एकूण २३३, म्हणजे भांडवलावर सहा टक्के. नुसते सुरुवातीचे दहा लॉट धरून बसलो असतो तर ६० डॉलर मिळाले असते. आडव्या बाजारात ग्रिड चांगला चालतो, यात वाद नाही. या आठवड्यांत भावाने १८,००० एकदाही पाहिले नाहीत आणि २१,६०० ही नाहीत. हद्द आपोआप बरोबर बसली.

एफटीएक्स या एक्स्चेंजबद्दल काहीबाही चालू आहे. अलामेडा या त्यांच्या भावंड-कंपनीच्या ताळेबंदात एफटीएक्सचंच स्वतःचं नाणं भरलेलं आहे अशी बातमी २ तारखेला आली आणि काल बिनान्सच्या प्रमुखांनी आपल्याकडचं ते नाणं विकणार म्हणून जाहीर केलं. बॉटला बातम्या वाचता येत नाहीत. ते बरंच आहे असं मी आजवर म्हणत आलोय.

८ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळी ग्रहण सुटल्यावर आईने आंघोळीला पिटाळलं, मग जेवून बसलो. दिवसभरात भाव १९,४०० च्या आसपास उतरला होता. साडेनऊच्या सुमारास बातमी: बिनान्स एफटीएक्स विकत घेणार. भाव ताडकन २०,६०० च्या वर. बॉटने त्या उसळीत सहा जोड्या पूर्ण केल्या आणि आकडा ११८ वर गेला.

मग उतार सुरू झाला. विकत घ्यावं लागतंय म्हणजे आत काहीतरी बुडालंय, हे बाजाराला तासाभरात उमगलं असावं. २०,४०० ला खरेदी, २०,२०० ला, २०,००० ला. मधल्या कुठल्याही पायरीवर भाव वर वळलाच नाही. आडव्या बाजारात दोन-तीन पायऱ्या उतरल्या की एखादी तरी चढतो, आज नाही. टर्मिनलवर शेवटच्या ओळी अशा:

```
BUY  18400  hold=18
BUY  18200  hold=19
BUY  18000  hold=20
no open buy orders
```

सलग १३ खरेद्या. भाव मग १७,२०० च्या जवळ जाऊन आला. बॉट गप्प. त्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही: पैसा संपलाय, सगळा माल हातात, आणि विक्रीच्या वीसच्या वीस ऑर्डरी भावाच्या वर लटकलेल्या. ट्रेंडने ग्रिड मोडतो म्हणतात तेव्हा प्रोग्राम बंद पडत नाही. तो व्यवस्थित चालू असतो, फक्त आता तो ग्रिड राहिलेला नसतो. कडेलोटाच्या नेमक्या जागी तो पूर्ण भरलेला खरेदीदार झालेला असतो.

१० नोव्हेंबर, गुरुवार

काल पहाटे भाव १८,५०० च्या आसपास परतला, तेव्हा दोन जोड्या झाल्या. मग रात्री बिनान्सने खरेदीतून अंग काढून घेतलं आणि भाव १५,६०० पर्यंत खाली गेला. ते दोन्ही लॉट वाटेत पुन्हा गळ्यात. आज अमेरिकेचा महागाईचा आकडा ७.७ टक्के, अपेक्षेपेक्षा बरा, त्यामुळे उसळी आहे. पण हद्दीत परत येऊन टिकेल असं चिन्ह दिसत नाही.

या सगळ्या पडझडीत जोड्यांचा आकडा ११२ वरून १२० झाला. म्हणजे ज्या तीन दिवसांत ग्रिड मोडला त्या तीन दिवसांत हिरवा आकडा नेहमीपेक्षा जास्त वेगाने वाढला.

१२ नोव्हेंबर, शनिवार

काल एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. हिशोबासाठी भाव १६,००० धरला, खालीवर चालूच आहे.

जोड्या १२०, निव्वळ १९२ डॉलर. चाळ उणे ६९०. एकूण उणे ४९८, भांडवलाच्या सुमारे तेरा टक्के. तुलनेसाठी, सुरुवातीचे दहा लॉट आणि उरलेली रोकड नुसती धरून बसलो असतो तर तोटा ४०० झाला असता. सगळी धावपळ करून ग्रिड हात बांधून बसलेल्या माणसापेक्षा मागे.

सीए मित्राला फोन लावला आणि हेच आकडे खऱ्या व्यवहाराचे समजून कर विचारला. जोडीमागे २ डॉलर नफा, कारण फी वजा होत नाही. १२० जोड्यांचे २४०. त्यावर ३० टक्के आणि सेस मिळून साधारण ७५ डॉलर. "आणि चाळीतला तोटा?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तो विकेपर्यंत तोटाच नाही. आणि विकलास तरी या नफ्यातून वळता होणार नाही. पुढच्या वर्षीही नेता येणार नाही." म्हणजे ४९८ बुडाले आणि वर ७५ कर. सप्टेंबरमध्ये ज्यापोटी खरे पैसे नको म्हटलं होतं, ते हे.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज तेच भाव बॉटमधून पुन्हा पुन्हा सोडले, दर वेळी वेगळ्या थांबा-नियमाने.

पहिला नियम: हद्दीच्या एक पायरी खाली, १७,८०० ला भाव टेकताक्षणी सगळं विकायचं. घसरणीच्या वेगात १७,६०० मिळाले असं धरलं. चाळ उणे ३७०, एकूण तोटा १८० च्या आसपास. बरा दिसतो. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव १८,१०० पर्यंत येऊन वळला होता, म्हणजे हा नियम तीनशे डॉलरने वाचला. मी हद्द १८,४०० ठेवली असती, आणि तशी ठेवायला चार्टवर कारणं सापडली असती, तर तो २२ सप्टेंबरलाच उडाला असता.

दुसरा नियम, जो बरेच लोक शहाणपणाचा मानतात: नुसत्या टेकण्याला भुलायचं नाही, दिवसाचा बंद भाव १८,००० च्या खाली आला तरच विकायचं. ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी हा नियम छान टिकतो. पण क्रिप्टोचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो आणि ८ तारखेचा दिवस बंद झाला तो १८,५०० च्या आसपास! नियमाने पाहिलं, सगळं ठीक आहे, म्हणून झोपला. पुढचा बंद भाव आला १५,९०० च्या जवळ. तिथे विकलं तर चाळ उणे ७१०. काहीच न करण्यापेक्षाही वाईट, आणि त्याच दिवशी भाव उसळला.

तिसरा नियम माझा लाडका होता. सलग खरेद्यांची साखळी मोजायची. आडव्या बाजारात ती आठपर्यंत गेली होती. दहावर गेली की समजायचं, हा रोजचा हेलकावा नव्हे, आणि खरेदी थांबवायची. ८ तारखेला दहावी खरेदी १८,६०० ला झाली. तिथे थांबलो असतो तर १८,४००, १८,२०० आणि १८,००० चे तीन लॉट वाचले असते. १६,००० ला त्यांचा फरक निघतो ६६ डॉलर. फक्त ६६! कारण तोवर सतरा लॉट हातात आलेले होते. ट्रेंड आहे हे कळेपर्यंत ग्रिडने आपलं पोट भरून घेतलेलं असतं. पुढचा घास थांबवून फार फरक पडत नाही. त्याच जागी सगळं विकलं असतं, १८,४०० मिळाले असते, तर एकूण तोटा पन्नासच्या आत आटोपला असता. साखळीचा इशारा खरा आहे, पण त्यावर विकायची तयारी हवी, आणि ती तयारी म्हणजे आठ आणि दहा यांतल्या दोन खरेद्यांच्या फरकावर भरवसा.

मग ६९० नेमके कुठून आले ते वेगळं काढलं. त्यातले ४०० सुरुवातीच्या दहा लॉटचे आहेत. ग्रिडने उतारावर घेतलेल्या मालाचे २९०. म्हणजे अर्ध्याहून जास्त तोटा पहिल्या मिनिटाला घेतलेल्या मालाचा, ज्याकडे स्टॉपच्या चर्चेत कोणी पाहतच नाही. ग्रिड हद्दीच्या मधोमध सुरू केला की अर्धं भांडवल लगेच नाण्यात जातं. भाव खालच्या हद्दीजवळ असताना सुरू केला तर ते आणखी वाढतं, आणि वरच्या हद्दीजवळ असताना केला तर जवळजवळ सगळी रोकड राहते. हद्द कुठे आखायची यावर डोकं शिणवतात तेवढं सुरुवात कुठून करायची यावर शिणवलं पाहिजे.

२० डिसेंबर, मंगळवार

महिनाभर भाव बहुतेक १६ ते १८ हजारांत घोटाळतोय. दुसरा ग्रिड, मुद्दाम लहान: १५,६०० ते १८,०००, पायरी तीच २०० ची, लॉट तोच. सुरुवात १६,८०० ला, म्हणजे सहा लॉट हातात आणि सहा खरेद्या खाली. भांडवल १,९७४. या वेळी वरची बाजू मोडली तर काय होतं ते पाहायचंय.

८ जानेवारी २०२३, रविवार

काही घडत नाही. जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाजार इतका निपचित असला की पायरी बारीक करायचा मोह होतो, म्हणून ५० डॉलरची पायरी कागदावर तपासली. जोडीमागे ५० सेंट, त्यातले ३४ फीमध्ये. उरतात १६. पायरी चौथाई केली की निव्वळ कमाई चौथाई होत नाही, पार दशांशावर येते. फेऱ्या वाढतात खऱ्या, पण त्या पुरतील का हे भावाच्या बारीक थरथरीवर अवलंबून. आणि कागदावरचा बॉट तिथेच सर्वात जास्त खोटं बोलतो.

१५ जानेवारी, संक्रांत

गुरुवारी भावाने १८,००० ओलांडले आणि काल २१,००० ला पोचला. सहाही लॉट १७,००० ते १८,००० च्या दरम्यान विकले गेले, सरासरी १७,५००. चाळ रिकामी. सहा लॉटवर ४२ डॉलर सुटले. तेच लॉट धरून ठेवले असते तर २५२.

या बाजूला खाते लाल होत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही. बॉट रोकड घेऊन १८,००० च्या खाली खरेद्या लावून बसलाय आणि भाव तीन हजार वर. इथे लोक हद्द उचलून वर नेतात. तशी नेली, १९,००० ते २३,००० अशी, तर २१,००० ला पुन्हा अर्ध्या हद्दीचा माल विकत घ्यावा लागतो: १७,५०० ला विकलेलाच माल. एका पायरीची कमाई २ डॉलर, आणि हे एक स्थलांतर लॉटमागे ३५ डॉलरचं.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की आकार स्पष्ट होतो. भाव खाली गेला तर सगळा तोटा माझा, वर गेला तर नफा एका रेषेपाशी कापलेला. मधल्या जागेत राहिला तरच भाडं मिळतं.

३१ जानेवारी, मंगळवार

भाव २३,००० च्या आसपास. दुसरा ग्रिड बंद केला. कोडमध्ये दोन बदल करून ठेवले. डॅशबोर्डवर आता सर्वात वर एकच आकडा: जोड्या अधिक चाळ. आणि ग्रिड सुरू करण्याआधी प्रोग्राम तीन ओळी छापतो: खालच्या हद्दीला चाळ किती, हद्दीच्या दहा टक्के खाली किती, आणि ते भरून काढायला किती जोड्या लागतील. तिसरी ओळ दोनशेच्या वर गेली तर तो सुरूच होत नाही. लॉट कमी करून चालत नाही, कारण कमाईही त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे हद्द तरी आवळावी लागते किंवा सुरुवातीचा माल कमी घ्यावा लागतो. पहिल्या ग्रिडचे आकडे त्यात घालून पाहिले. १६,२०० ला चाळ उणे ६५०, जोड्या ४०७. सुरू झाला नाही.

मामांचा निरोप आहे, लाल कांदाही पडलाय, रविवारी ये म्हणून.